दोन दोरांवरची माणसं

३ फेब्रुवारी

ताई,

पत्र पाहून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही, मी कुठून पडलेलोही नाही. फोनवर मी ओरडतो आणि कट करतो, म्हणून 'आता तोंड उघडायचं तर कागदावर उघड' असा हुकूम तूच काढला होतास. घे, उघडलं.

पहिली गोष्ट. कॉलेज सोडल्याचा मला अजून एक क्षणही पश्चात्ताप झालेला नाही. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आईमार्फत विचारतात, 'तो काचा पुसणारा जेवला का?' हो, पुसतो काचा! तिसाव्या मजल्यावरून दोरावर लोंबकळत पुसतो. आत गार हवेत बसलेले साहेबलोक कॉफीचा कप हातात धरून माझ्याकडे तोंड वासून बघतात. त्यांच्यातला एक तरी पाय बाहेर टाकेल का? माझ्या मावशीला, म्हणजे तुझ्या आईला, हे जरा रंगवून सांग.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. घारीची तुला आठवण असेल. पाचवीपासून माझ्या बाकावर बसायची, माझ्या डब्यातलं खायची आणि वर म्हणायची, 'मीठ कमी आहे.' या कामावर ती माझ्याआधी लागली, तिनेच मला मुकादमापुढे उभं केलं. 'डोकं गरम आहे, पण हात पक्का आहे,' असं म्हणाली होती. आता आमची जोडी आहे. इथे नेहमी दोघंच उतरतात. प्रत्येकाला दोन दोर, एक कामाचा आणि एक तो तुटला तर धरणारा. उतरण्याआधी मी तिचे पट्टे, कड्या, गाठी तपासायच्या आणि तिने माझ्या. स्वतःचं स्वतः तपासलेलं इथे धरत नाहीत.

तर ताई, माझं तिच्यावर प्रेम आहे. गंमत नाही. गेल्या महिन्यात वारा सुटला म्हणून आम्ही मध्येच थांबलो होतो, दोघं काचेला पाय टेकून. ती खाली बघून कुणाच्या तरी टकलावर विनोद करत होती, आणि मला एकदम कळलं की आपण मेलो. दहा वर्षं जिला शिव्या दिल्या, तिच्यापुढे आता जीभ टाळूला चिकटते.

मी ठरवलंय. सोमवारी, उंच इमारतीच्या बरोबर मध्यावर, लोंबकळत असतानाच सांगून टाकायचं. असा मुलगा तिला दुसरा कुठे मिळणार?

तुझा,
किटली

---

६ फेब्रुवारी

किटली,

झाकण खाली ठेव. हे पत्र सोमवारच्या आत पोचेल अशी आशा करते, नाही पोचलं तर देव तिचं भलं करो.

लोंबकळत असताना विचारणार? मग तिने 'नाही' म्हणायचं आणि जायचं कुठे? तिथून उठून तिला निघून जाता येत नाही, हाताशी तुझ्या जिवाची जबाबदारी, आणि वर तू मान तिरकी करून बघत बसलेला. माणसाला असं कोपऱ्यात धरून विचारलं की तो एकतर खोटं 'हो' म्हणतो नाहीतर चिडतो. विचारायचं ते जिथे दार उघडं असेल तिथे.

आणि विचारण्याआधी जरा बघ. मी लॅबमध्ये दिवसभर रक्ताच्या नळ्या बघते. नुसता एक आकडा हातात घेऊन मी कधीच काही सांगत नाही. हा आकडा या माणसाचा नेहमीचा आहे का, हे आधी विचारते. तुझ्या घारीचं नेहमीचं काय ते आधी कळू दे. ती सगळ्यांच्या डब्यातलं खाते की तुझ्याच? सगळ्यांना रात्री पोचलास का विचारते की तुलाच? जे ती सगळ्यांशी करते त्यात तुझ्यासाठी काही नाही. जे फक्त तुझ्याशी करते ते लक्षात ठेव, आणि जे ती आपणहून करते, तू आधी हात पुढे केलेला नसताना, ते त्याहून जास्त.

पाऊल टाकायचंच तर इतकं लहान टाक की मागे घेतलं तरी दोघांनाही लाज वाटू नये. एखादं कौतुक कर. एखाद्या सुट्टीच्या दिवशी दोघंच कुठे तरी जा. ती एक पाऊल पुढे आली तर तूही एक टाक. ती जागीच राहिली तर तूही राहा. मध्यस्थ घालू नकोस. मित्रांना सांगू नकोस, तुझे मित्र म्हणजे भोंगे. आणि घाई नाही. दहा वर्षांची मैत्री आहे, दहा मिनिटांत तिचं तेल काढू नकोस.

ताई

ता. क. तुझ्या मावशीला रंगवून सांगितलं. ती म्हणाली, 'पडला तर?' मी म्हटलं, 'दोन दोर असतात.' ती म्हणाली, 'दोन्ही तुटले तर?' पुढचं तू सांग.

---

२५ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र शनिवारी आलं, म्हणून सोमवार वाचला. पण तुझी लॅब इथे चालत नाही. इथे प्रत्येक लक्षण कामाचंच आहे!

ती रोज सकाळी माझ्यासमोर उभी राहते, पट्टे ओढून बघते, छातीवरची कडी हातात धरून फिरवते. दुसऱ्या कुठल्या मुलीने असं केलं असतं तर मी लग्नाच्या तारखेचाच विचार सुरू केला असता. पण हा नियम आहे. खाली उतरताना दर मजल्याला विचारते, 'ठीक?' नियम. मी खाली पोचेपर्यंत मान वर करून थांबते. नियम! आमच्या टोळीतला टकलू तिचा जोडीदार असता तरी तिने हेच केलं असतं. आता नेहमीचं कुठलं आणि खास कुठलं, सांग.

म्हणून मी दोराबाहेर शोधलं. रविवारी जुन्या वस्तूंच्या बाजारात येतेस का विचारलं. हो म्हणाली. आणि आली ती दोन सहकाऱ्यांना घेऊन! त्यातल्या एकाने तासभर जुन्या कॅमेऱ्याचा भाव केला, आणि मी त्याचा खून करायला योग्य वस्तू शोधत फिरलो.

मग पुढच्याच रविवारी तिने आपणहून फोन केला. तिच्या मोठ्या बहिणीने नवं घर घेतलंय, फळ्या ठोकायच्या आहेत, येतोस का. गेलो. दिवसभर आम्ही दोघंच फळ्या ठोकत होतो, बहीण आतल्या खोलीत बाळाला निजवत होती. ती म्हणाली, 'तू असलास की काम लवकर होतं.' आता हे माझं कौतुक की ड्रिलचं?

मी चार दिवस आपणहून फोन केला नाही. चौथ्या दिवशी तिचाच आला, 'मेलास का?' मला आनंद झाला. मग म्हणाली, 'उद्याची पाळी बदललीय.' आनंद उतरला.

शेवटी मी म्हटलं, 'त्या इमारतीतली स्वागतकक्षातली मुलगी माझ्याकडे बघून हसते.' असली कोणी मुलगी नाही, तिथे एक सत्तर वर्षांचे काका बसतात, पण घारीला ते माहीत नाही. ती काय म्हणाली असेल? 'मग जा की. केस विंचरून जा.' आणि खिशातून स्वतःचा कंगवा काढून दिला! ताई, तो कंगवा माझ्या काळजात रुतलाय.

हे असं तुकड्यातुकड्याने होत नाही. मला एक पक्की चाचणी हवीय, ज्यात इकडे नाहीतर तिकडे. माझ्या डोक्यात आहे एक.

किटली

---

३ मार्च

किटली,

तुझ्या डोक्यात जे काही आहे ते तिथेच कुजू दे. हे पत्र मी कामाच्या मधल्या सुट्टीत लिहितेय, म्हणजे बघ.

स्वागतकक्षातल्या मुलीचं सोंग कशाला केलंस? समज तुझ्या घारीच्या मनात काही असतंच, तरी तिने काय करायचं होतं? रडायचं? मित्र म्हणाला मला कुणीतरी आवडतंय, तर चांगली मैत्रीण कंगवाच देणार. मनात काही नसतं तरीही कंगवाच दिला असता. तू तिला खोटं सांगून तिची परीक्षा घेतलीस, आणि आता त्या उत्तरावर रडतोयस. घाण नळीत रक्त घेतलं तर मी रिपोर्ट देत नाही, फेकून देते. तूही हा फेकून दे. आणि खरं काय ते तिला सांगून टाक, नाहीतर उद्या ती त्या काकांनाच भेटेल.

बाजाराचं. तू तिला 'आपण दोघंच' असं म्हणाला होतास का? नाही ना? मग तिने दोघांना आणलं यात तिचं काय चुकलं? तू न बोललेलं तिने ऐकावं ही तुझी अपेक्षा. पुढच्या वेळी साध्या शब्दांत म्हण, 'आपण दोघंच जाऊ या?' आलीस तर छान, नाही आलीस तर मी रागवणार नाही, असं वाटेल एवढ्या साध्या सुरात.

फळ्या मात्र चांगल्या. ती बहिणीच्या घरी तुला घेऊन गेली, काम असलं तरी माणूस तिने निवडला. पण त्यावरून लग्नाची तारीख काढू नकोस. मीही माझ्या बहिणीच्या फळ्यांना शेजाऱ्याला बोलावलं असतं.

आणि एक ध्यानात ठेव. 'पक्की चाचणी' हवी असते ती आपल्याला धीर नसतो म्हणून, तिच्यासाठी नाही.

ताई

---

४ मार्च

ताई,

तुझं पत्र आलेलं नाही आणि आता आलं तरी उपयोग नाही.

मी केलं. सकाळी पट्टे चढवताना छातीवरच्या कडीचं मळसूत्र मुद्दाम सैल ठेवलं. पडलो असतो असं नाही, दुसरा दोर होताच, आणि वर काठावर जाण्याआधी मी ते आवळणारच होतो. फक्त बघायचं होतं. माझं सगळं रोज नीट असतं, त्यामुळे तिची नजर नुसती सवयीने फिरते की खरंच माझ्यावर असते, ते कळेल. पकडलं तर ती आपली.

तिने पकडलं. अर्ध्या क्षणात. बोट लावलं आणि तिचा चेहरा पांढरा झाला. आणि मी, महामूर्ख, हसलो. म्हटलं, 'बघितलंस! मला माहीत होतं तू बघणार.'

 तिने माझी कडी आवळली, पुन्हा एकदा ओढून बघितली, आणि सरळ मुकादमाकडे गेली. सगळ्यांसमोर म्हणाली, 'मी याच्याबरोबर उतरणार नाही. याने मुद्दाम केलंय.'

मला जमिनीवर उतरवलंय. आता मी खाली अडथळे लावतो आणि लोकांना सांगतो, 'बाई, इकडून चाला, वरून पाणी पडतं.' ती वरती टकलूबरोबर आहे.

तिने माझी तक्रार केली, ताई! दहा वर्षांची मैत्रीण! मीही कमी नाही, मी तिच्याशी बोलणार नाही. तिला वाटत असेल मी लोळण घेईन. घेणार नाही.

किटली

---

९ मार्च

किटली,

तुझी आणि माझी पत्रं रस्त्यात एकमेकांना ओलांडून गेली. तुझं वाचून लगेच लिहिलं असतं तर टपालपेटीच पेटली असती, म्हणून आधी राग निवू दिला.

आधी तुझ्या चाचणीचं बोलते, कारण तुला अक्कल तिथूनच येईल. समज तिच्या मनात तुझ्यासाठी काहीच नाही. कडी सैल दिसली असती का? दिसलीच असती, ते तिचं काम. समज तिच्या मनात खूप आहे. दिसली असती का? दिसलीच असती. मग तुला कळलं काय? जी चाचणी दोन्ही बाजूंना एकच उत्तर देते तिला चाचणी म्हणत नाहीत. तू काहीही न शिकता तिला मात्र भीतीने पांढरं केलंस. रोज सकाळी तुझ्यावर हात ठेवताना ती 'हा माणूस माझ्याशी खोटं वागणार नाही' यावर हात ठेवते, आणि तू तिथेच खेळ केलास. तिने मुकादमाला सांगितलं म्हणून तुझा अपमान झाला म्हणतोस? तिने सांगितलं नसतं तर मी तिला नालायक म्हटलं असतं.

माफी माग. पण नीट ऐक कशी. माफीच्या पुडीत प्रेम गुंडाळून देऊ नकोस. 'मी हे केलं कारण मला तू आवडतेस' असं म्हणालास की तिला एकाच श्वासात दोन उत्तरं द्यावी लागतील, आणि 'नाही' म्हणणं म्हणजे माफ न करणं असं तिला वाटेल. आधी चुकीची चूक म्हणून माफी. ती विचारेल, का केलंस. खोटं बोलू नकोस. म्हण, कारण आहे, पण ते सबब नाही, आणि ते मी वेगळं सांगेन.

तुला तो चष्मेवाला आठवतो? तुझ्या लहानपणी तुला खांद्यावर घेऊन जिने चढायचा, अजूनही आमच्याकडे येतो, तुझे भावोजी त्याच्याशी बुद्धिबळ खेळतात आणि हरतात. मी त्याला विचारलं होतं. लग्नाच्या पुष्कळ आधी, चार-पाच वर्षांच्या मैत्रीनंतर. एका दुपारी, उघड्या मैदानाच्या कडेला, दोन वाक्यांत. तो म्हणाला, 'नाही गं, माझं तसं नाही.' मी घरी येऊन उशीत तोंड खुपसलं. पण मी त्याला चार दिवस शिक्षा म्हणून अबोला धरला नाही, आणि 'निदान विचार तरी कर' असं म्हटलं नाही. थोडे दिवस लांब राहिले, ते माझ्यासाठी, आणि त्याला सांगून. म्हणून तो अजून आहे.

अभिमान हवाच, किटली. तुझा चुकीच्या जागी ठेवलेला आहे एवढंच.

ताई

---

३० मार्च

ताई,

तुझं पत्र दोन दिवस वाचून फाडायचा विचार केला. फाडलं नाही. खिशात ठेवून अडथळे लावले.

मग तिच्याकडे गेलो. गोदामात ती दोर धुवून वाळत घालत होती. मी म्हटलं, 'मी मुद्दाम केलं. ती चूक होती. तू मुकादमाला सांगितलंस ते बरोबर केलंस.' एवढं बोलायला मला जी ताकद लागली ना, तेवढी तिसाव्या मजल्यावर लागत नाही.

ती म्हणाली, 'का केलंस?'

म्हटलं, 'कारण आहे. पण ते सबब नाही. ते मी वेगळं सांगेन, आत्ता नाही. आणि हो, ती स्वागतकक्षातली मुलगी खोटी होती.'

ती म्हणाली, 'माहितेय. तिथले काका माझ्या ओळखीचे आहेत.' आणि दोराचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. 'धर. घट्ट पीळ.'

ताई, माझी तेव्हा मान खाली गेली आणि त्याच क्षणी वरही आली. मी इतका खोटा पडलो आणि तरी तिथे उभा होतो.

मुकादमाने माझी पुन्हा परीक्षा घेतली. गाठी, कड्या, वर लटकलेल्या माणसाला खाली आणणं, सगळं. डोळ्यांवर पट्टी बांधूनसुद्धा गाठ मारून दाखवली, कोणी सांगितलं नव्हतं तरी. 'माजलायस,' म्हणाला, आणि पास केलं. दहा दिवस टकलूबरोबर उतरलो. मग एका सकाळी घार माझ्यासमोर येऊन उभी राहिली, माझे पट्टे ओढायला लागली आणि म्हणाली, 'टकलू घोरतो. उभ्याउभ्या.'

आता विचारायचं. तू सांग, कधी.

किटली

---

६ एप्रिल

किटली,

मी सांगणार नाही. ते तुझ्या मनातलं आहे, माझ्या घड्याळातलं नाही. पण एवढं: दोराच्या दिवशी नको, त्या दिवशी तिला तुझा जीव सांभाळायचा असतो. सुट्टीच्या दिवशी, जमिनीवर, तिला पटकन निघून जाता येईल अशा जागी. लांबण लावू नकोस. तू काय मागतोयस ते स्पष्ट सांग, 'नाही' चालेल हे सांग, आणि ते खरंच चालणार असेल तरच सांग. उत्तर लगेच मागू नकोस. आणि एकदाच. 'नाही' आलं तर तो वाद नाही, ते उत्तर आहे.

आणि आतापर्यंत मी तुला शंभर वेळा मूर्ख म्हटलं असेल. गोदामातलं वाचून मी ते पत्र तुझ्या भावोजींना वाचून दाखवलं. म्हटलं, हा माझा भाऊ.

ताई

---

१९ मे

ताई,

उशीर झाला. लिहायला हात उचलत नव्हता, आता उचलतोय.

गेल्या महिन्यातच विचारलं. रविवारी. मी म्हटलं, 'आपण दोघंच भेटू या का?' तिने क्षणभर बघितलं आणि 'ये' म्हणाली. आम्ही वाचनालयासमोरच्या पायऱ्यांवर बसलो, रस्ता समोरच. मी तिला म्हटलं, 'मला तू मैत्रीण म्हणून आवडतेस तेवढीच नाही, त्याहून जास्त. ते कारण होतं. तुझं तसं नसेल तर नाही म्हण, मी जोडी सोडून जाणार नाही आणि तोंडही वाकडं करणार नाही. आजच सांगायला हवं असं नाही.'

बोलून झाल्यावर माझे कान एवढे तापले की मी खरंच किटली झालो.

तिने पायरीवर पडलेलं एक पान उचलून चुरगळलं. मग म्हणाली, 'नाही रे. मी स्वतःला विचारून बघितलंय. बाजारात त्या दोघांना आणलं ना, ते म्हणूनच, मला थोडं थोडं कळायला लागलं होतं आणि तुला खोटी आशा द्यायची नव्हती. मग भीती वाटली की तू दूर जाशील, म्हणून फळ्यांना बोलावलं. माझंही चुकलंच.' डोळे भरले होते तिचे. 'तू माझा सगळ्यात जवळचा माणूस आहेस. पण तसं नाही.'

मी म्हटलं, 'बरं.' एवढंच निघालं. मग म्हटलं, 'थोडे दिवस कामाबाहेर भेटू नको या. राग नाही. मला जरा सावरायचंय.' ती म्हणाली, 'जेवढे लागतील तेवढे.'

घरी येऊन मी खोलीचं दार लावलं. पुढचं तुला माहीत आहे, तूही उशीत तोंड खुपसलं होतंस.

नंतरचे आठवडे वाईट होते. ती विनोद करताना थांबायची, मला लागेल म्हणून. शिव्या द्यायची बंद झाली. एक दिवस मीच खाली उतरल्यावर म्हटलं, 'मला काच समजू नकोस. पूर्वीसारखं बोल.' ती म्हणाली, 'तू पुसलेल्या काचेवर पाण्याचा ओघळ राहिलाय, गाढवा.' त्या 'गाढवा'ने मला जेवण गोड लागलं.

आता खरी बातमी. शहरातल्या सगळ्यात उंच नव्या इमारतीचं काम आमच्या कंपनीला मिळालंय. मुकादमाने जोड्या नव्याने लावायच्या ठरवल्या, आणि एकेकाला वेगळं केबिनमध्ये बोलावून विचारलं, तुला कोण हवं. दुसऱ्याने काय सांगितलं ते कोणाला सांगणार नव्हता.

माझी पाळी आली. घशाशी आलेलं पहिलं नाव मी गिळलं. मग विचार केला, का गिळू? म्हटलं, 'घार. पण तिला दुसरं कोणी हवं असेल तर तिचं धरा. मी काही म्हणणार नाही.'

मुकादम खुर्चीत मागे रेलला आणि हसायला लागला. तो सहसा हसत नाही.

'ती तुझ्या आधी येऊन गेली,' तो म्हणाला. 'तुझंच नाव सांगून गेली. आणि वर म्हणाली, त्याला दुसरा कोणी हवा असेल तर त्याचं धरा, मी काही म्हणणार नाही.'

ताई, मी केबिनबाहेर आलो तेव्हा ती पाण्याच्या नळापाशी उभी होती. तिने भुवई उडवली. मीही उडवली. 

थोडं दुखतं अजून. लिहायला हवं म्हणून लिहिलं. पण बाबा आज पुन्हा आईला विचारत होते, 'तो काचा पुसणारा कुठे आहे?' मी आतून ओरडलो, 'सगळ्यात उंच इमारतीवर जाणाराय!' आणि फोनसारखं कट केलं नाही. बाहेर गेलो, त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसलो आणि कुणाबरोबर जाणार ते सांगितलं.

तुझा,
किटली